लेहच्या रात्री झोपेची गोळी

रात्रीचे दोन वाजलेत. लेहमधल्या एका गेस्ट हाउसच्या खोलीत काकू अंथरुणात उठून बसल्या आहेत आणि शेजारी झोपलेल्या काकांचे श्वास मोजताहेत. तीन-चार खोल, भरभरून घेतलेले श्वास, मग उथळ होत गेलेले दोन, आणि मग काहीच नाही. छाती हलत नाही, नाकापाशी बोट धरलं तर वारा लागत नाही. आठ, नऊ, दहा, अकरा. काकूंचा हात काकांच्या खांद्याकडे जातो, तेवढ्यात काका दचकल्यासारखे मोठा श्वास घेतात, कूस बदलतात आणि तेच चक्र पहिल्यापासून सुरू होतं. सकाळी काका म्हणतात, "डोळ्याला डोळा लागला नाही." काकू म्हणतात, "अहो, तुमचा श्वास थांबत होता. मी रात्रभर बसून होते."

हे काका-काकू मी समजावून सांगण्यासाठी कल्पिले आहेत, पण त्यांच्यासारखी जोडपी दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून विमानाने थेट लेहला उतरतात. काका ६४ वर्षांचे, धडधाकट. पुण्यातल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी आदल्या दिवसापासून डायमॉक्स सुरू केली आहे: २५० मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून, सकाळी अर्धी, रात्री अर्धी. काकूंच्या पर्समध्ये मागच्या आजारपणात डॉक्टरांनी लिहून दिलेली क्लोनाझेपामची उरलेली पट्टी आहे. दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर त्या पट्टीतली अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी काढून काकांना देतात. "एक दिवस घ्या हो. नीट झोप लागली की बरं वाटेल."

काकूंची माया मला पूर्ण समजते. पण ही गोळी द्यायला नको होती. का नको होती, हे समजून घ्यायचं तर आधी त्या दहा-अकरा सेकंदांच्या शांततेत शरीर काय करत होतं ते पाहावं लागेल.

लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३५०० मीटर उंच आहे. तिथल्या हवेत ऑक्सिजनचा हिस्सा पुण्याइतकाच, म्हणजे २१ टक्के असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशच उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात छातीत जाणारा ऑक्सिजन तितक्याच प्रमाणात कमी होतो. मानेत दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीच्या फाट्यावर, तांदळाच्या दाण्याएवढे दोन अवयव असतात, कॅरोटिड बॉडी. रक्तातला ऑक्सिजन घटला की ते मेंदूला सांगतात, श्वास वाढव. मेंदू श्वास वाढवतो. उंचीवर तगून राहण्याचा शरीराचा पहिला आणि सर्वांत मोलाचा उपाय हाच.

पण जास्त श्वास म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर. हा वायू आपण टाकाऊ समजतो, मात्र रक्ताची आम्लता राखण्यात त्याचा मोठा हात असतो. तो कमी झाला की रक्त अल्कधर्मी बनतं. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र एरवी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवरच चालतं, त्यामुळे ते आता उलटा निरोप देऊ लागतं: पुरे, श्वास कमी कर. म्हणजे मानेतून एक हुकूम आणि मेंदूच्या तळातून दुसरा. माणूस जागा असताना ही ओढाताण फारशी जाणवत नाही, कारण जागेपण हीच श्वास चालू ठेवणारी एक स्वतंत्र ताकद असते. आपण बोलतो, चालतो, विचार करतो, आणि श्वास चालू राहतो.

झोप लागली की ही ताकद सुटते. मग श्वास बहुतांशी रसायनांच्या हाती जातो. झोपेत कार्बन डायऑक्साइडची एक खालची मर्यादा असते. पातळी तिच्याखाली गेली की श्वासाचं केंद्र चक्क गप्प बसतं. काकांच्या छातीची हालचाल थांबली ती इथे. त्यांचा घसा बंद झालेला नव्हता, जोरात घोरत अडकलेला श्वासही नव्हता. श्वास घेण्याचा हुकूमच सुटला नव्हता. त्या दहा-बारा सेकंदांत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, ऑक्सिजन घसरत जातो, आणि मानेतले ते दोन दाणे एकदम ओरडतात. मेंदू अर्धवट जागा होतो, मोठमोठे श्वास येतात, कार्बन डायऑक्साइड पुन्हा मर्यादेखाली जातो, पुन्हा शांतता. उंचीवर एक फेरी साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत पूर्ण होते. रात्रभर हे चाललं तर अर्धवट जाग शेकडो वेळा येते, आणि म्हणूनच काकांना सकाळी वाटतं की झोपच लागली नाही.

ही गोष्ट नवी नाही. आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडॉल १८५७ साली माँ ब्लाँ चढत असताना बर्फावर पडल्या पडल्या झोपी गेले, आणि त्यांचा श्वास ऐकू येईना म्हणून घाबरलेल्या सोबत्याने त्यांना उठवलं. पुढे इटालियन शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी आल्प्समधल्या ४५५० मीटरच्या वर असलेल्या मार्गरिटा नावाच्या झोपडीत झोपलेल्या माणसांच्या छातीच्या हालचाली यंत्रावर उतरवून घेतल्या. त्या आलेखांवर काकूंनी मोजलेलंच चक्र दिसतं: चढ, उतार, सपाट रेघ. निरोगी माणसात हे होतंच. लेहच्या उंचीवर हे चक्र सहसा काही दिवसांत सौम्य होत जातं, कारण मूत्रपिंडं हळूहळू जास्तीचं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्ताची अल्कता उतरते आणि मेंदूचा 'पुरे' हा हुकूम मवाळ पडतो.

इथे एक छोटी पण कामाची गोष्ट. उंचीचा आजार मोजण्यासाठी जगभर जी लेक लुईस नावाची गुणपद्धती वापरतात, तिच्यात २०१८ पर्यंत वाईट झोपेलाही गुण होते. त्या वर्षीच्या सुधारणेत झोप वगळण्यात आली. म्हणजे काकांची रात्र खराब गेली एवढ्यावरून त्यांना उंचीचा आजार झाला असं ठरत नाही. त्या पद्धतीत डोकेदुखी असावीच लागते. सोबत मळमळ, थकवा, गरगरणं पाहतात. सकाळी डोकं दुखत नसेल, चहा-नाश्ता जात असेल, तर नुसता थांबून थांबून येणारा श्वास घाबरण्यासारखा नाही. हे काकूंना निघण्यापूर्वी कोणी सांगितलं असतं तर पट्टी पर्समध्येच राहिली असती.

आता डायमॉक्स. तिचं मूळ नाव असिटाझोलामाइड. गेल्या शतकाच्या मध्यापासून ती काचबिंदूसाठी आणि लघवी वाढवण्यासाठी वापरात आहे. उंचीवर तिचं काम एकच: मूत्रपिंडांना जे करायला दिवसचे दिवस लागतात, ते एखाद्या दिवसात करून देणं. मूत्रपिंडातल्या कार्बॉनिक अनहायड्रेज या एन्झाइमला ती अडवते, बायकार्बोनेट लघवीवाटे निघून जातं, रक्त थोडं आम्लाकडे झुकतं, आणि श्वासाच्या केंद्राला पुन्हा जोर येतो. म्हणून काकांना वारंवार लघवीला होतं, बोटांना मुंग्या येतात. सोडा किंवा कोल्ड ड्रिंक विचित्र लागतं, कारण जिभेला बुडबुड्यांची चव कळते तीही याच एन्झाइममुळे. हे त्रास म्हणजे ॲलर्जी नव्हे.

आणि ही गोळी झोपही सुधारते. जॉन सटन आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्या माउंट लोगनवर ५३६० मीटरवर झोपलेल्या माणसांवर केलेला अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. असिटाझोलामाइड घेतलेल्यांचा ऑक्सिजन रात्री कमी घसरला आणि थांबून थांबून येणाऱ्या श्वासाचा काळ निम्म्याहून कमी झाला. काकूंना झोपेची गोळी हवी होती, आणि उंचीवरच्या झोपेचं बिघडलेलं मूळ दुरुस्त करणारी गोळी काका आधीच घेत होते. फक्त तिला आणखी एक-दोन रात्री द्यायला हव्या होत्या.

मग झोपेची गोळी नेमकं काय करते? क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही एकाच कुळातली औषधं, बेन्झोडायझेपिन. ती मेंदूतली शांत करणारी रसायनं अधिक जोरकस करतात. त्यामुळे गुंगी येते, स्नायू सैल पडतात, घशाचेही. आणि ऑक्सिजन घटल्यावर मानेतून येणाऱ्या हाकेला मेंदू जो प्रतिसाद देतो, तोही मंदावू शकतो. पुण्यात अर्ध्या मिलिग्रॅमने श्वासावर पडणारा फरक धडधाकट माणसाला जाणवतही नाही, कारण तिथे ऑक्सिजन भरपूर असतो. लेहमध्ये पहिल्या दिवशी जागेपणीच बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आकडा बहुधा ८५ ते ९० च्या घरात असतो आणि झोपेत आणखी खाली येतो. शिलकीत फारसं काही नसताना केलेला हा खर्च असतो.

इथे मला प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आहे. टेमाझेपाम नावाच्या याच कुळातल्या, लवकर उतरणाऱ्या गोळीचा १० मिलिग्रॅमचा छोटा डोस गिर्यारोहकांना पाच हजार मीटरच्या आसपास देऊन पाहिला गेला आहे. झोप सुधारली, थांबून थांबून येणारा श्वासही कमी झाला, आणि सरासरी ऑक्सिजन एका अभ्यासात जवळजवळ तसाच राहिला, तर दुसऱ्यात थोडासाच उतरला. कारण असं की अर्धवट जाग कमी आली की त्यापाठोपाठ येणारे अवास्तव मोठे श्वासही कमी होतात, आणि चक्राला इंधन मिळत नाही. झोल्पिडेम या वेगळ्या कुळातल्या गोळीचे निष्कर्षही साधारण असेच दिलासा देणारे आहेत. म्हणूनच अनुभवी डॉक्टर कधीकधी उंचीला सरावलेल्या, निरोगी माणसाला अशी गोळी लहान मात्रेत देतात.

पण त्या अभ्यासांतली माणसं आणि आपले काका यांच्यातलं अंतर पाहा. ती बहुतांशी तरुण, तपासलेली, हळूहळू चालत चढलेली. काका ६४ वर्षांचे, कालच विमानातून उतरलेले, आणि घोरतात की नाही हे कोणी विचारलेलंही नाही. त्यांच्या पोटात गेली ती टेमाझेपाम नव्हती. क्लोनाझेपाम रक्तातून निम्मी व्हायला ३० ते ४० तास घेते. म्हणजे रात्री घेतलेली गोळी सकाळी, दुपारी आणि दुसऱ्या रात्रीही शरीरात असते. अर्धवट जाग कमी होण्याचा फायदा मिळेल की हाकेला प्रतिसाद मंदावण्याचा तोटा होईल, हे औषध, मात्रा आणि माणूस यांवर ठरतं. काकांच्या बाबतीत यातलं एकही कोणी तपासून पाहिलेलं नव्हतं.

आणि सोबत डायमॉक्स होती. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की लगेच विष तयार होतं असं नाही. सावधगिरी वेगळ्या कारणांसाठी लागते, आणि त्यातलं पहिलं कारण रसायनाचं आहे. डायमॉक्सने रक्त आम्लाकडे झुकवलेलं असतं. तो झुकाव शरीराला सोसतो, कारण माणूस जास्त श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतो. त्या औषधाचा सगळा हिशेब या वाढलेल्या श्वासावर उभा आहे. गुंगीच्या औषधाने श्वासच मंदावला तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि आम्लतेवर आम्लता चढते. धडधाकट माणसात अर्ध्या मिलिग्रॅमने हे टोकाला जाणार नाही. पण दम्याचा जुना त्रास, धूम्रपानाने खराब झालेली फुप्फुसं, झोपेत घसा बंद होण्याचा विकार, किंवा गोळीसोबत एखादा पेग असेल तर ती मर्यादा बरीच जवळ येते. दारूचं सांगायचं तर, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रियन अभ्यासात ३००० मीटरवर एक लिटर बिअरएवढ्या, म्हणजे ५० ग्रॅम अल्कोहोलने श्वासाचा तो वाढीव जोर कमी झालेला दिसला. झोप यावी म्हणून घेतलेला पेग हाही गुंगीचंच औषध. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकंही याच पंगतीत बसतात.

दुसरं कारण अधिक साधं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. डायमॉक्स माणसाला रात्री उठवते. झोपेची गोळी उठलेल्या माणसाचा तोल घालवते. आणि तोल जाणं हीच उंचीवर मेंदूला सूज आल्याची पहिली ठळक खूण आहे.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास काका लघवीसाठी उठतात. खोली अनोळखी, अंधार, थंडी. न्हाणीघराच्या उंबरठ्याशी त्यांचे पाय अडखळतात आणि ते भिंतीला धरून खाली बसतात. काकू धावत येतात. काका बोलतात ते जड, अर्धवट, "काय झालं"चं उत्तर न देता भलतंच. काकू त्यांना उभं करून सरळ रेषेत चालायला सांगतात, टाचेला बोटं लावत एकेक पाऊल. तिसऱ्या पावलाला ते कलतात. ऑक्सिमीटर ७१ दाखवतो.

मेंदूची सूज लेहच्या उंचीवर फुप्फुसात पाणी होण्यापेक्षा कमी आढळते. ती बहुधा ४००० मीटरच्या वर गाठते. पण ती येते तेव्हा अशीच येते: झिंगल्यासारखी चाल, गोंधळलेलं बोलणं, अनावर झोप, आणि मग शुद्ध हरपणं. क्लोनाझेपामचा अंमलही असाच दिसतो. फुप्फुसात पाणी होत असेल तर बसल्या जागी लागणारी धाप आणि खोकला माणसाला जागं करतो, पण गुंगीत तो त्यातही झोपून राहू शकतो. काकांचं काय झालं आहे हे त्या घटकेला गेस्ट हाउसच्या मालकाला, सहलीच्या म्होरक्याला, डॉक्टरलाही नुसतं पाहून सांगता येणार नाही. आणि अशा वेळी नियम एकच: सूज नाही हे सिद्ध होईपर्यंत सूजच धरायची. "गोळीमुळे असेल, सकाळपर्यंत उतरेल" असं म्हणून वाट पाहायची नाही. सूज असेल तर त्या काही तासांत माणूस हातचा जाऊ शकतो.

म्हणून मालक सिलिंडर आणतो, काकांना ऑक्सिजन लावतात, आणि गाडीतून लेहच्या सोनम नुर्बू रुग्णालयात नेतात. काकू गोळ्यांची पट्टी सोबत घेतात आणि कोणती गोळी, किती, किती वाजता हे डॉक्टरांना नीट सांगतात. त्या रात्रीतलं हे सर्वांत मोलाचं काम. आपण चूक केली या संकोचाने लोक हीच गोष्ट लपवतात, आणि मग तपासणाऱ्याच्या हातातला एकमेव धागा तुटतो. डॉक्टर छाती ऐकतात, डोकेदुखी-उलटीची विचारपूस करतात, ऑक्सिजन चालू ठेवतात. सुजेची शक्यता जास्त वाटली तर डेक्सामेथासोनचा मोठा डोस देतात. इथे भूगोलही आडवा येतो. एरवी सूज आली की तातडीने खाली उतरवतात, पण लेहहून नुब्राला किंवा मनालीला जायचं तर आधी पाच हजार मीटरपेक्षा उंच खिंड चढावी लागते. रात्री आजारी माणसाला त्या वाटेने नेता येत नाही.

काकांचा आकडा ऑक्सिजनवर नव्वदच्या वर जातो. छाती स्वच्छ आहे, डोकं दुखत नाही, आणि दुपारपर्यंत ते टाचेला बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकतात. डॉक्टर म्हणतात, बहुधा गोळीच. बहुधा, कारण ऑक्सिजनने सौम्य सूजही उतरली असती. पुढचे दोन दिवस पॅंगाँग रद्द. तिथे ४२५० मीटरवर मुक्काम करायचा होता, आणि क्लोनाझेपामचा अंमल अजून पूर्ण उतरलेला नव्हता.

जे आधीपासून रोज अशी गोळी घेतात, त्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यांनी वरचं वाचून विमानाच्या आदल्या रात्री गोळी बंद करू नये. महिनोन्महिने चाललेली बेन्झोडायझेपिन अचानक थांबवली तर झोप पूर्ण उडते, हातपाय थरथरतात, क्वचित झटकेही येतात, आणि उंचीवर झटका म्हणजे पुन्हा मेंदूच्या सुजेची शंका. अशा माणसाने प्रवासाच्या निदान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना गाठावं. मात्रा हळूहळू उतरवता येईल का, की आहे तेवढीच ठेवून वाढवायची नाही, आणि पहिल्या मुक्कामाची उंची कमी करता येईल का, हे ठरवायला तेवढा वेळ लागतो. मोठ्याने घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या माणसाने घशाच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. रात्री मशीन लावत असेल तर ते सोबत न्यावं. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्यांना, आणि सल्फा औषधांनी पूर्वी गंभीर ॲलर्जी झालेल्यांना डायमॉक्स चालेल का हाही प्रश्न डॉक्टरांनाच विचारायचा.

बाकीच्यांनी काय करावं ते काकांच्या तिसऱ्या रात्रीत आहे. दिवसा ते शांत बसून राहिले, पाणी तहानेपुरतं प्यायले, दुपारनंतर चहा घेतला नाही. डायमॉक्सची अर्धी गोळी रात्रीच्या जेवणाआधीच घेतली, म्हणजे लघवीची पहिली फेरी झोपण्यापूर्वी उरकते. काकूंनी न्हाणीघराचा दिवा चालू ठेवला आणि दार अर्धं उघडं. काका उशी उंच करून झोपले. दोनच्या सुमारास काकूंना सवयीने जाग आली आणि त्या अंधारात मोजू लागल्या. खोल श्वास, उथळ श्वास, मग थांबला. तीन, चार, पाच. सहाच्या आत पुढचा श्वास आला, आणि काका कूस न बदलता झोपून राहिले.